सेटलमेंट झाली, म्हणजे पैसे आपले झाले का?

मागच्या वेळी टपालाने परदेशी माल कसा पाठवायचा ते आपण पाहिलं. त्यानंतर ज्यांनी प्रश्न विचारले, त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांचं म्हणणं एकच होतं: माल गेला, ग्राहकाने पैसे भरले, खात्यावर मात्र कमी आले, किंवा येऊन परत गेले. पेमेंट कंपनीला विचारलं तर उत्तर येतं, "करारात लिहिलं आहे." आणि खरोखर लिहिलेलं असतं. चाळीस पानी इंग्रजी करार आपण खाली सरकवत जातो आणि ‘मान्य आहे’वर बोट ठेवतो. आज त्यातले तीनच शब्द घेऊ. सेटलमेंट, चार्जबॅक आणि रिझर्व्ह. तीन वेगळ्या कलमांत असतात म्हणून ते वेगळे वाटतात. एकत्र वाचले की अर्थ लागतो.

उदाहरण आपल्या जिल्ह्यातलंच घेऊ. दिग्रस, पुसद भागात बंजारा तांड्यांवर आरसे, कवड्या लावून जे भरतकाम होतं, त्याच्या पिशव्या समजा एक ताई अमेरिकेत विकतात. ताई काल्पनिक आहेत, आकडेही हिशेब सोपा व्हावा म्हणून मी धरलेले आहेत. एक पिशवी ६० डॉलरला, महिन्याला ३०. म्हणजे महिन्याची विक्री १,८०० डॉलर. पेमेंट कंपनी प्रत्येक पिशवीमागे ३ डॉलर शुल्क घेते, उरले ५७. कापड, मजुरी, पॅकिंग, टपाल मिळून खर्च ४२. ताईंच्या हातात १५ राहतात.

आता पहिला शब्द, सेटलमेंट. आपण याचा अर्थ ‘हिशेब मिटला’ असा घेतो. गावात अडत्याने पट्टी दिली, पैसे मोजले, विषय संपला, तसा. करारातला अर्थ तसा नाही. तिथे सेटलमेंट म्हणजे ग्राहकाच्या कार्डातून आलेली रक्कम, आपली सगळी वजावट करून, कंपनीने तुमच्या बँकेकडे रवाना करणं. एवढंच. त्या कलमात बहुतेक वेळा एक छोटा तुकडा असतो, की ही रक्कम चार्जबॅक, परतावे, दंड आणि रिझर्व्ह यांच्या अधीन राहून दिली जाते. ‘अधीन राहून’ हा खरा महत्त्वाचा शब्द. म्हणजे बँकेत आलेले ५७ डॉलर ही एक प्रकारची उचल आहे. ती पक्की व्हायला अजून काही महिने आहेत.

किती महिने? हे चार्जबॅकवरून ठरतं. कार्डधारक आपल्या बँकेला सांगतो, "हा व्यवहार मला मान्य नाही," आणि त्याची बँक विक्रेत्याच्या बाजूने पैसे उलटे ओढून घेते, तो चार्जबॅक. अमेरिकेत बिलातल्या चुकीविरुद्ध दाद मागायचा हक्क ग्राहकाला १९७४ च्या कायद्याने दिला. त्यावर कार्ड कंपन्यांचे स्वतःचे नियम आले, ते आणखी सैल आहेत. व्हिसा आणि मास्टरकार्ड यांच्या नियमांत बहुतेक तक्रारींना साधारण १२० दिवस मिळतात. आणि इथे एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. तक्रार ‘माल मिळालाच नाही’ अशी असेल, तर हे १२० दिवस पैसे भरल्यापासून मोजत नाहीत, माल पोहोचायची जी तारीख तुम्ही सांगितली होती तिथपासून मोजतात. ताईंनी साइटवर "हाताचं काम आहे, ६० दिवस लागतील" असं लिहिलं, तर १ जानेवारीच्या विक्रीवर जूनच्या अखेरपर्यंत टांगती तलवार आहे.

एका चार्जबॅकने नुकसान किती? लोक म्हणतात, ६० डॉलर गेले. नाही. खात्यातून ६० जातात, त्यावर चार्जबॅकचं शुल्क, समजा २० डॉलर. विक्रीच्या वेळी घेतलेले ३ डॉलर बहुतेक करारांत परत मिळत नाहीत. म्हणजे मिळाले होते ५७, गेले ८०. वजा २३. पिशवी तिकडेच राहिली, तिचा ४२ चा खर्चही गेला. एकूण ६५ डॉलर. एका पिशवीमागे १५ उरतात, म्हणजे हा खड्डा भरायला पुढच्या चार-पाच पिशव्यांचा नफा लागतो. शुल्काचं कलम नीट वाचा: पुष्कळ करारांत तुम्ही तक्रार जिंकलात तरी ते २० परत येत नाहीत.

(श्रोत्यांतून प्रश्न: ग्राहकाने फसवलं तरी आपणच भरायचे?)

दादा, प्रश्न बरोबर आहे. पण ग्राहक फसवतोच असं नाही. पुष्कळदा त्याला बिलावरचं नाव ओळखू येत नाही. दुकानाचं नाव एक, आणि कार्डाच्या स्टेटमेंटवर छापून येतं प्रोप्रायटरचं नाव, तेही अर्धं तुटलेलं. टेक्सासमधल्या बाईला ते कसं कळणार? ती बँकेला सांगते, हा खर्च माझा नाही. खातं उघडताना स्टेटमेंटवर कोणतं नाव दिसेल ते सेटिंगमध्ये भरता येतं. दुकानाचंच नाव घाला, आणि पावतीच्या ईमेलमध्ये एक ओळ टाका की बिलावर हेच नाव दिसेल.

उरलेल्या तक्रारींना पुराव्याने उत्तर द्यावं लागतं, आणि त्याची मुदत करारात असते. ती सात-दहा दिवसांची, आणि पुष्कळदा सुट्ट्या धरून. उत्तर दिलं नाही तर तक्रार मान्य केली असं समजतात. ‘माल मिळाला नाही’ याला सगळ्यात चांगलं उत्तर म्हणजे टपालाचा नंबर. आपल्या पोस्टाच्या परदेशी ईएमएसचा नंबर दोन अक्षरं, नऊ अंक आणि शेवटी IN असा तेरा चिन्हांचा असतो. तोच नंबर अमेरिकेच्या टपाल खात्याच्या साइटवर टाकला की तिकडची पोच दिसते. तो पोच दाखवणारा पानाचा फोटो त्याच आठवड्यात काढून ठेवा, कारण अशा नोंदी कायम दिसत राहत नाहीत.

आणि एक चूक चांगली समजदार माणसंही करतात. तक्रार आली की घाबरून ग्राहकाला वेगळा परतावा देऊन टाकतात. चार्जबॅक सुरू झाला म्हणजे पैसे आधीच ओढले गेले आहेत. वरून तुम्ही परतावा दिला तर ६० च्या जागी १२० जातात, आणि दुसरे ६० परत मिळवणं फार कठीण. परतावा द्यायचा तर ग्राहक कुरकुरतो आहे तेव्हाच, तो बँकेकडे जायच्या आधी.

आता तिसरा शब्द, रिझर्व्ह. आपल्या रिझर्व्ह बँकेशी याचा संबंध नाही, हे आधीच सांगतो; एका विक्रेत्याने खरोखर रिझर्व्ह बँकेने पैसे अडवले असं समजून तक्रार लिहायला घेतली होती. कंपनीच्या बाजूने विचार करा. चार्जबॅक आला तर ग्राहकाच्या बँकेला पैसे आधी कार्डाच्या साखळीतून द्यावे लागतात, मग ते विक्रेत्याकडून वसूल होतात. विक्रेत्याने दुकान बंद केलं तर बुडाले कोणाचे? कंपनीचे. भारतीय विक्रेत्याबाबत भीती थोडी जास्त. २०१० पासून रिझर्व्ह बँकेचा आग्रह आहे की परदेशातून आलेले विक्रीचे पैसे अशा कंपनीकडे साठून न राहता ठरलेल्या दिवसांत भारतातल्या बँक खात्यात यावेत. नियम आपल्या हिताचाच आहे. पण त्यामुळे कंपनीकडचं खातं रिकामं असतं, आणि चार्जबॅक आला की ते सरळ वजामध्ये जातं. म्हणून कंपनी आधीच थोडं बाजूला ठेवते.

सगळ्यात जास्त दिसतो तो फिरता रिझर्व्ह. प्रत्येक विक्रीतून समजा १० टक्के कापून १८० दिवस ठेवायचे, मग सोडायचे. ताईंचे महिन्याला १८० डॉलर अडकतात. सहा महिन्यांत १,०८० झाले. सातव्या महिन्यात पहिले १८० परत येतात, पण त्याच महिन्याचे नवे १८० अडकतात. म्हणजे दुकान चालू आहे तोवर १,०८० डॉलर बाहेरच. नफा महिन्याला ४५०, म्हणजे जवळपास अडीच महिन्यांचा नफा कायमचा दूर. आणि हे १० टक्के नफ्यावर नसतात, पूर्ण विक्रीवर असतात. महिन्याला हातात येणारे ४५० आता पहिले सहा महिने २७० च असतात. तांड्यावरच्या बायांची मजुरी दर शनिवारी द्यायची असेल तर हा हिशेब करार मान्य करायच्या आधी मांडायला हवा. पैसे बुडालेले नाहीत, पण पुढच्या मालाचं कापड त्यातून घेता येत नाही.

टक्के आणि दिवस लिहिलेले असतील तर एक वेळ परवडलं. जपायचं ते दुसऱ्या वाक्याला: कंपनी आपल्या विवेकाने, कधीही, योग्य वाटेल तेवढा रिझर्व्ह लावू किंवा वाढवू शकेल. हे वाक्य जवळजवळ प्रत्येक करारात सापडेल. ते काढून घेणं आपल्या हातात नाही. पण ते कशाने जागं होतं ते ओळखता येतं: विक्री अचानक पाचपट होणं, तक्रारींचं प्रमाण वाढणं, खातं उघडताना सांगितलेल्यापेक्षा वेगळा माल विकणं. दिवाळीआधी मोठी ऑर्डर येणार असेल तर कंपनीला आधी लेखी कळवा, बिलं जोडा.

सेटलमेंट थांबायला तुमचीच चूक लागते असंही नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये पेपालने भारतातल्या बँकांत पैसे काढण्याची सोय थांबवली होती. प्रश्न नियामकांचा होता, भुर्दंड घरून काम करणाऱ्या विक्रेत्यांना. पुढे १ एप्रिल २०२१ पासून त्यांनी भारतातल्या भारतातले व्यवहार बंद केले, परदेशी चालू ठेवले. एकाच मार्गावर सगळी विक्री असेल तर असा दिवस जड जातो.

(प्रश्न: खातं बंद केलं तर अडकलेले लगेच मिळतात का?)

नाही ताई. उलट, बंद झाल्यावर पुष्कळ करार १८० दिवस सगळीच रक्कम ठेवतात, कारण आधीच्या विक्रीवर चार्जबॅक अजून येऊ शकतात. त्या कलमात ‘करार संपल्यावरही लागू राहील’ असे शब्द शोधा. आणि भांडायचं झालं तर कुठे, तेही पाहा. करार सिंगापूर किंवा आयर्लंडच्या कंपनीशी असेल तर हजार डॉलरसाठी तिकडे वकील लावणं परवडत नाही. म्हणून सही करण्याआधी विचारायचं, की माझा करार भारतातल्या कंपनीशी आहे का, आणि तिला सीमापार व्यवहारांसाठी रिझर्व्ह बँकेची परवानगी आहे का. ३१ ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकाने हे काम करणाऱ्यांना त्या देखरेखीखाली आणलं आहे.

हिशेबाच्या वहीचं एक राहिलं. बँकेत ५१ आले, ६ रिझर्व्हमध्ये, ३ शुल्क. तरी विक्री ६० चीच लिहायची, बिलही ६० चं आणि टपालाच्या निर्यात कागदावरही ६०. रिझर्व्हसाठी वेगळं पान ठेवा आणि प्रत्येक कपातीपुढे सुटायची तारीख लिहा. ती तारीख उलटून आठवडा झाला आणि पैसे आले नाहीत, तर कंपनीला त्या पानाचाच फोटो पाठवायचा.