जन्मदाखल्याचा फोटो आणि प्रमाणित भाषांतर

परदेशातल्या सरकारी कार्यालयात मराठी जन्मदाखला किंवा विवाह नोंदणी प्रमाणपत्र दिले, की सोबत त्या देशाच्या भाषेतले भाषांतरही मागितले जाते. दाखल्याचा मोबाइलवर काढलेला फोटो दोन्ही भाषा येणाऱ्या ओळखीच्या माणसाला पाठवला, तर मजकूर तासाभरात हाती येतो. कागदात काय आहे ते समजायला आणि अर्जातले रकाने भरायला तो उपयोगी असतो, पण पुरावा म्हणून चालत नाही. त्यातले इंग्रजी निर्दोष असले तरी चालत नाही, कारण त्या शब्दांची जबाबदारी सही करून कोणी घेतलेली नसते.

अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याचा नियम या बाबतीत थोडक्यात आणि स्पष्ट आहे. भाषांतर संपूर्ण हवे. ते पूर्ण आणि अचूक आहे, आणि त्या भाषेतून इंग्रजीत भाषांतर करण्याची आपली पात्रता आहे, असे भाषांतरकाराने लेखी प्रमाणित केले पाहिजे. त्याखाली सही, नाव, पत्ता आणि तारीख देण्याची रीत आहे. भाषांतरकार व्यावसायिकच असावा अशी अट नाही, नोटरीचीही सक्ती नाही. म्हणजे ओळखीच्या माणसाचे भाषांतरसुद्धा त्याने हे निवेदन जोडून सही केली, तर प्रमाणित ठरू शकते. मात्र अर्जदाराने स्वतःच स्वतःच्या दाखल्याचे भाषांतर करून शंकेला जागा देऊ नये.

हा सैलपणा सगळीकडे नाही. कॅनडाचे इमिग्रेशन खाते कुटुंबातल्या व्यक्तीने केलेले भाषांतर स्वीकारत नाही, आणि मान्यताप्राप्त भाषांतरकार नसेल तर भाषांतर करणाऱ्याचे शपथपत्र मागते. जर्मनीत न्यायालयाने शपथ दिलेल्या भाषांतरकाराचा शिक्का सहसा लागतो. त्यामुळे ‘प्रमाणित’ म्हणजे नेमके काय, हे कागद घेणाऱ्या कार्यालयाच्या सूचनेत आधी वाचावे आणि मगच भाषांतर करायला द्यावे.

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या आणि ग्रीन कार्डासाठी अर्ज भरणाऱ्या एका तरुणीचे उदाहरण घेऊ. तिचा १९८४ सालचा दाखला सातारा जिल्ह्यातल्या ग्रामपंचायतीचा, हाताने लिहिलेला आहे, आणि भावाने त्याचा फोटो पाठवला आहे. फोटो तिरपा असल्याने ग्रामसेवकाच्या सहीजवळचा गोल शिक्का अर्धाच दिसतो. शेऱ्याच्या रकान्यावर घडीची सावली पडली आहे. जन्मतारखेतला दुसरा आकडा १ की ९ हे कळत नाही. मदत म्हणून भाषांतर करणारा माणूस इथे पासपोर्ट पाहून तारीख ‘१९’ लिहून टाकील आणि शेरा सोडून देईल. सही करणाऱ्याला तसे करता येत नाही. जे दिसते तेवढेच तो लिहितो. वाचता न आलेल्या जागी चौकटी कंसात ‘अवाच्य’ अशी नोंद करतो, आणि शिक्का, सही, छापील मथळा व रिकामा रकाना यांचाही उल्लेख करतो. त्याआधी मात्र तो सपाट, उजेडात काढलेला, चारही कडा दिसणारा नवा फोटो मागतो. मागच्या बाजूला काही लिहिलेले असेल तर तिचाही मागतो. हे एवढे केले तरी बहुतेक शंका फिटतात.

नावाचा प्रश्न याहून अवघड आहे. दाखल्यात वडिलांचे नाव ‘बाळासाहेब’ आहे, पण मुलीच्या पासपोर्टवर ‘दत्तात्रय’ छापले आहे. घरात दोन्ही नावे एकाच माणसाची, यात कोणाला शंका नसते. तरीही भाषांतरात ‘दत्तात्रय’ लिहिणे म्हणजे दाखल्यात नसलेला मजकूर घालणे होय. मूळ कागद शेजारी ठेवून वाचणाऱ्या अधिकाऱ्याला ते लगेच दिसते आणि सगळ्याच भाषांतरावरचा विश्वास जातो. अक्षरे तीच असून स्पेलिंग वेगळे पडत असेल, तर पासपोर्टचे स्पेलिंग वापरावे. नावच वेगळे असेल तर दाखल्यातलेच ठेवावे आणि फरकाचा खुलासा वेगळ्या शपथपत्राने करावा. बाळाच्या नावाचा रकानाच रिकामा असेल, जे जुन्या दाखल्यांत बरेचदा आढळते, तर भाषांतराने तो भरता येत नाही. त्यासाठी निबंधकाकडे नाव नोंदवून घेण्याचा प्रयत्न करावा लागतो.

सहीने भाषांतराची हमी मिळते, मूळ दाखला खरा असल्याची नाही. भाषांतर फोटोवरून केले असेल तर निवेदनात तसे लिहिणे प्रामाणिकपणाचे. मूळ कागदाच्या खरेपणासाठी अपोस्टिल ही वेगळी व्यवस्था आहे. भारतात ती २००५ पासून लागू आहे. ती मागितली असेल तर मूळ दाखला आधी राज्य शासनाकडून साक्षांकित होतो आणि मग परराष्ट्र मंत्रालय त्याला अपोस्टिल देते. फोटोवर ते मिळत नाही. अपोस्टिल लागणारच असेल तर ते आधी करून घ्यावे, म्हणजे त्यावरचा मजकूर आणि शिक्केही भाषांतरात येतात आणि दुसऱ्यांदा खर्च पडत नाही.

आता महाराष्ट्रात मराठी-इंग्रजी असे दुभाषी दाखले मिळतात. जुन्या नोंदीवरून असा नवा दाखला काढून घेता आला, तर इंग्रजी चालणाऱ्या देशात भाषांतराची गरज बहुधा उरत नाही. फक्त शिक्का किंवा शेरा तेवढा मराठीत राहिलेला नाही ना, हे पाहून घ्यावे, कारण अमेरिकेच्या नियमानुसार मराठीतला तेवढा भागही भाषांतरित करून द्यावा लागतो.