शार्प गुणोत्तराची प्रमाण त्रुटी: फंडाचे कौशल्य सिद्ध व्हायला किती वर्षे लागतात?

म्युच्युअल फंडाच्या माहितीपत्रकात शार्प गुणोत्तराचा आकडा असतो. तो बहुधा मागील तीन वर्षांच्या मासिक परताव्यांवरून काढलेला असतो. तीन वर्षे हा एक लहान नमुना आहे, म्हणून या आकड्यालाही प्रमाण त्रुटी असते. ती किती असते आणि तिचा अर्थ काय, हे या पाठात पाहू.

1. गुणोत्तर आणि त्याची त्रुटी

विल्यम शार्प यांनी 1966 मध्ये हे गुणोत्तर मांडले. फंडाच्या सरासरी परताव्यातून जोखीममुक्त दर वजा करायचा आणि उरलेल्या आकड्याला परताव्याच्या प्रमाण विचलनाने भागायचे. सरासरी परतावा 15 टक्के, जोखीममुक्त दर 6 टक्के आणि प्रमाण विचलन 15 टक्के असेल, तर गुणोत्तर 9 ÷ 15 = 0.6 येते.

परतावे एकमेकांपासून स्वतंत्र आणि प्रसामान्य वितरणाचे आहेत असे मानल्यास प्रमाण त्रुटी अशी मिळते:

```
SE = sqrt((1 + S^2/2) / T)
```

येथे S म्हणजे गुणोत्तर आणि T म्हणजे निरीक्षणांची संख्या. कंसातील 1 हा सरासरीच्या अनिश्चिततेतून येतो, तर S²/2 हा भाग प्रमाण विचलनाच्या अनिश्चिततेतून येतो. पहिला भाग बराच मोठा आहे, हे लक्षात ठेवा.

2. सोडवलेले उदाहरण

वरील 0.6 हे वार्षिक गुणोत्तर 36 मासिक परताव्यांवरून काढले आहे असे समजा. मासिक गुणोत्तर 0.6 ÷ √12 = 0.173. सूत्रात T = 36 घातल्यास मासिक त्रुटी 0.168 येते. ती वार्षिक करण्यासाठी √12 ने गुणा: 0.58. म्हणजे 95 टक्के विश्वास अंतराल सुमारे −0.54 ते 1.74 इतके रुंद आहे. शून्यही त्यात बसतो.

मासिकाऐवजी दैनिक परतावे घेतले तर? T वाढतो, पण वार्षिक करताना गुणकही तितकाच वाढतो. वार्षिक त्रुटी जवळजवळ 1/√वर्षे एवढीच राहते. सरासरीबद्दलची माहिती कालावधीच्या लांबीतून मिळते, तो कालावधी किती तुकड्यांत मोजला यातून नाही.

3. शार्प यांचे 34 फंड

शार्प यांनी 1954 ते 1963 या दहा वर्षांतील 34 अमेरिकी फंड तपासले. त्यांची गुणोत्तरे 0.43 ते 0.78 या दरम्यान होती आणि सरासरी 0.633 होती. डाऊ जोन्स निर्देशांकाचे गुणोत्तर 0.667 होते. आता S = 0.633 आणि T = 10 घेऊन त्रुटी काढा: ती 0.35 येते. पहिल्या आणि शेवटच्या फंडातील फरकही 0.35 च आहे!

यावरून ‘सगळे फंड सारखेच’ असा निष्कर्ष मात्र लगेच काढू नका. सर्व फंड एकाच बाजारात होते, त्यामुळे त्यांच्या त्रुटी एका दिशेने हलतात आणि फरक घेताना बऱ्याच अंशी कटतात. दोन फंडांचा सहसंबंध 0.9 धरला, तर फरकाची त्रुटी अंदाजे 0.35 × √0.2 = 0.16 होते. पण दुसरी बाजूही पाहा. आपण 34 मधून सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा फंड निवडून घेतला आहे. इतक्या फंडांत निव्वळ योगायोगानेही टोकांमध्ये मोठे अंतर पडते.

4. कौशल्यासाठी किती वर्षे?

गुणोत्तर शून्याहून जास्त आहे हे 95 टक्के पातळीवर दाखवायला सुमारे (1.96/S)² वर्षे लागतात. S = 0.6 असेल तर जवळपास 11 वर्षे. पण शून्याहून जास्त गुणोत्तर निर्देशांकालाही मिळते, त्यात व्यवस्थापकाचे कौशल्य नसते. म्हणून फंडाचा परतावा वजा निर्देशांकाचा परतावा हा फरक घ्या आणि त्याच्या सरासरीला त्याच्याच प्रमाण विचलनाने भागा.

फरकाची सरासरी 1.5 टक्के आणि प्रमाण विचलन 5 टक्के असेल, तर गुणोत्तर 0.3 येते. लागणारी वर्षे (1.96/0.3)² = सुमारे 43. तेव्हाही कौशल्य खरोखर असताना चाचणीत ते दिसण्याची शक्यता फक्त निम्मी असते. ती 80 टक्के हवी असेल, तर (2.8/0.3)² = सुमारे 87 वर्षे लागतील.

मुंबईच्या यूटीआयची मास्टरशेअर योजना 1986 मध्ये सुरू झाली. तिलाही 43 वर्षे 2029 मध्ये पूर्ण होतील, आणि एवढ्या काळात कोणत्याही योजनेचा व्यवस्थापक बदलतोच. मग जे सिद्ध होईल ते नेमके कोणाचे कौशल्य?

5. मर्यादा

लागोपाठच्या महिन्यांचे परतावे परस्परसंबंधित असतील, तर √12 ने गुणणे चुकते. अँड्र्यू लो यांनी 2002 मध्ये त्यासाठीची दुरुस्ती दिली. फंड यादीतून निवडलेला असेल तर 1.96 ही मर्यादाही अपुरी पडते: कौशल्य नसलेल्या 40 स्वतंत्र फंडांपैकी सरासरी एक फंड ती योगायोगानेच ओलांडतो.

स्वाध्याय

1. एका फंडाचा निर्देशांकापेक्षा जादा परतावा सरासरी 2 टक्के आणि त्याचे प्रमाण विचलन 4 टक्के आहे. 95 टक्के पातळीसाठी किती वर्षे लागतील? (उत्तर: सुमारे 15)
2. पाच वर्षांच्या मासिक परताव्यांवरून वार्षिक गुणोत्तर 0.8 आले. त्याची प्रमाण त्रुटी काढा. (उत्तर: सुमारे 0.45)