चेन आहे म्हणून निर्धास्त?

कापसाचे पैसे हातात आले की बाभुळगावात सेकंडहँड गाड्यांच्या गोष्टी निघतात. माझ्या मावसभावाने यंदा दोन डिझेल गाड्या हेरल्या होत्या. एक 2014 ची स्विफ्ट, एमएच-29 पासिंगची, 1,10,000 किलोमीटर पळालेली. दुसरी त्याच सालची डस्टर, पुण्याची, जेमतेम 52,000 किलोमीटर. भाव जवळपास सारखाच. दलालाने स्विफ्टसाठी एकच वाक्य टाकलं, "भाऊ, हिला चेन आहे. पाहाच लागत नाही."

ते वाक्य अर्धंच खरं आहे. स्विफ्टमधलं 1.3 लिटरचं इंजिन मुळात फियाटचं. त्यात टायमिंग चेन असते. डस्टरच्या 1.5 लिटर डिझेल इंजिनात टायमिंग बेल्ट असतो. दोघांचं काम एकच. खालचा क्रँकशाफ्ट दोनदा फिरला की वरचा कॅमशाफ्ट बरोबर एकदा फिरला पाहिजे, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर उघडतात आणि मिटतात. डिझेल इंजिनात पिस्टन वर येतो तेव्हा त्याच्यात आणि हेडमध्ये फार थोडी जागा उरते. त्या क्षणी एखादा व्हॉल्व्ह उघडा राहिला, तर पिस्टन त्याच्यावर आदळतो. मग हेड उतरवावं लागतं आणि खर्च सहज अर्ध्या लाखापुढे जातो.

बेल्ट असतो रबराचा, आत काचतंतूंच्या दोऱ्या. तो किलोमीटरने झिजतोच, पण नुसत्या वयानेही कडक होतो. म्हणून कंपनीच्या पुस्तकात किलोमीटर आणि वर्षं दोन्ही दिलेली असतात. जे आधी भरेल ते धरायचं. पुण्याची ती डस्टर कमी पळालेली म्हणून भाऊ खूश होता; मला नेमकी तीच काळजी वाटली. बेल्ट किलोमीटरच्या हिशेबाने तरुण होता, वयाने मात्र गाडीएवढाच. वरचं प्लास्टिकचं झाकण काढून बघितलं तर बेल्ट धड दिसतो, पण दिसण्यावर जाऊ नये. बदलल्याची पावती नसेल, तर बदललेला नाही असंच समजावं. आणि बदलताना नुसता बेल्ट नाही: टेन्शनर आणि त्याच बेल्टवर चालणारा वॉटर पंप सोबत बदलायचा. जुना पंप पुढे गळायला लागला, तर तीच मजुरी पुन्हा द्यावी लागते.

चेनला वयाचा त्रास नाही. तिचा जीव ऑइलमध्ये असतो. चेन 'ताणली' म्हणतात, पण लोखंड ताणलं जात नाही, प्रत्येक कडीची पिन झिजते. समजा 120 कड्या आहेत आणि प्रत्येक पिनेपाशी मिलिमीटरचा शंभरावा भाग झिजला, तर अख्खी चेन 1.2 मिलिमीटरने लांब झाली. डिझेलच्या ऑइलमध्ये काजळी मिसळते आणि ती पॉलिश पेपरसारखी पिना घासते. चेन ताणून धरणारा टेन्शनरही ऑइलच्याच दाबावर चालतो. म्हणजे आधीच्या मालकाने ऑइल बदलायला जितकी टाळाटाळ केली, तितकं त्याचं बिल तुमच्या नावावर चढतं.

कागदावर हिशेब मांडला. बेल्टचं पूर्ण काम 15,000 चं धरलं आणि ते पाच वर्षं पुरलं, तर वर्षाला 3,000. हा खर्च आधीच कळतो, आणि भाव करताना सरळ कापून मागता येतो. चेनचं ऑइल वेळेवर बदललं असेल तर खर्च शून्य. नसेल तर इंजिनाचं पुढचं आवरण उतरवून चेन, गाइड, टेन्शनर बदलायला 25,000 धरा. यातलं कोणतं नशिबात आहे, हे दलाल सांगत नाही. आकडे माझे अंदाजाचे आहेत, तुमच्या मिस्त्रीला विचारून बदला.

चेनची परीक्षा कानाने होते, तीही थंड इंजिनावर. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करा. पहिले दोन-तीन सेकंद पुढच्या बाजूने खडखड आली आणि मग थांबली, तर टेन्शनरमध्ये ऑइलचा दाब भरेपर्यंत चेन सैल वाजते आहे. आधी बोनेटवर हात ठेवा. तुम्ही पोचायच्या आतच ते गरम असेल, तर दुसऱ्या दिवशी न सांगता सकाळी जा.

जाता जाता: इकोस्पोर्टच्या 1.0 लिटर टर्बो पेट्रोल इंजिनात तिसराच प्रकार आहे, ऑइलमध्ये बुडून चालणारा बेल्ट. तिथे चुकीचं ऑइल घातलं तर रबराचा भुगा सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो. अशा गाडीत कोणतं ऑइल घातलं, हे पावतीवर लिहिलेलं हवं.

स्विफ्ट सकाळी खडखडली. ऑइलची शेवटची पावती 38,000 किलोमीटरपूर्वीची होती. त्या इंजिनाला मारुतीच्या वेळापत्रकात दर 10,000 किलोमीटरला ऑइल बदल आहे. दोष चेनचा नव्हता, मालकाचा होता. भावाने डस्टर घेतली, भावातून 15,000 तोडून. बेल्ट मात्र पुण्यातच बदलून घ्यायला लावला, कारण पुढे पाचशेहून जास्त किलोमीटर गाडी जुन्या रबरावर आणायची होती.