सचखंडात पहिल्यांदा जाताना

नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिबमध्ये कुठल्याही धर्माच्या माणसाला प्रवेश आहे. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी इथेच ग्रंथसाहिबला गुरुपद दिले. दरबारातले सारे नियम त्यातूनच येतात: समोर पोथी नव्हे, गुरू विराजमान आहेत.

म्हणून डोके झाकायचे, पुरुषांनी आणि स्त्रियांनीही. ओढणी, पदर किंवा मोठा रुमाल चालतो. टोपी मात्र बहुतेक गुरुद्वारांत चालत नाही. रुमाल नसेल तर प्रवेशद्वारापाशी सहसा मिळतो. गुळगुळीत कापड मान वाकवताच घसरते, तेव्हा मागे घट्ट गाठ मारावी. कपडे अंगभर आणि मांडी घालून बसता येईल असे सैल असावेत. तंबाखू, सिगारेट, दारू खिशातसुद्धा नको.

जोडे जोडाघरात ठेवून हातपाय धुवायचे. आत गेल्यावर ग्रंथसाहिबसमोर माथा टेकतात. परधर्मीयाने नुसते हात जोडले तरी चालते. मग जमिनीवर बसावे, पण पाय ग्रंथसाहिबकडे पसरू नयेत. अरदास सुरू होऊन सगळे उठले की आपणही उभे राहावे.

कडाह प्रसाद बसून, दोन्ही हातांची ओंजळ करून घेतात. कणीक, तूप आणि साखरेचा हा शिरा तुपाने ओथंबलेला असतो. नवखा माणूस संकोचाने एकच हात पुढे करतो आणि तिथेच चुकतो. कमी हवा असेल तर आधीच सांगावे. लंगरमध्येही पंगतीत बसून पोळी दोन्ही हातांवर घ्यायची आणि ताटात काही टाकायचे नाही.