फ्लोमीटरवरचा आकडा आणि रुग्णाचा श्वास

वॉर्डात पहिल्यांदा ऑक्सिजन लावणाऱ्या विद्यार्थिनीला मी एक प्रश्न हमखास विचारते. फ्लोमीटरची गोळी २ वर आहे, तर या आजोबांना ऑक्सिजन किती टक्के मिळतोय? बहुतेक जणी पाठ केलेलं सांगतात, ‘२८ टक्के.’ मी म्हणते, आधी आजोबांकडे बघ आणि मग सांग.

हिशेब साधा आहे. मिनिटाला २ लिटर म्हणजे सेकंदाला साधारण ३३ मिलिलिटर ऑक्सिजन नळीतून येतो. शांत पडलेला माणूस सेकंदाभरात अर्धा लिटर, म्हणजे ५०० मिलिलिटर हवा आत ओढतो. त्यातले ३३ मिलिलिटर नळीतले आणि उरलेले ४६७ खोलीतल्या हवेचे, ज्यात ऑक्सिजन २१ टक्केच असतो. सगळं मिळून २६ टक्के होतात. दोन श्वासांच्या मधल्या विसाव्यात नाकाच्या पोकळीत थोडा ऑक्सिजन साठून राहतो, तो धरला की आकडा २८ च्या आसपास जातो. पुस्तकातला आकडा असा येतो.

आता त्याच आजोबांना धाप लागली आहे असं समजा. छाती जोरात वरखाली होते आहे आणि सेकंदाला एक लिटर हवा आत जाते आहे. नळीतून येणारे ३३ मिलिलिटर तेवढेच आहेत, पण त्यांच्यात मिसळणारी खोलीतली हवा दुप्पट झाली. विसावाही उरला नाही, त्यामुळे नाकात काही साठत नाही. हाती येतात जेमतेम २४ टक्के. फ्लोमीटरची गोळी जागची हललेली नाही आणि ज्याला ऑक्सिजनची गरज जास्त, त्यालाच तो कमी मिळतो आहे. ऑक्सिजनची साधनं का वेगवेगळी केली, हे या एका हिशेबातून समजतं.

नेझल प्राँग्ज, म्हणजे नाकात दोन टोकं जाणारी ती बारीक नळी, सौम्य गरजेसाठी चांगली असते. रुग्ण बोलू शकतो, जेवू शकतो, घुसमटत नाही. मिनिटाला १ ते ४ लिटर हा तिचा रोजचा पल्ला. ६ पर्यंत नेता येतं, पण ४ च्या पुढे नाक कोरडं पडतं, जळजळतं आणि मग रुग्ण नळी काढून उशीखाली ठेवतो. टोकं लावताना त्यांचा बाक खाली, नाकाच्या तळाकडे जाणारा असावा. उलटी लावलेली नळी ऑक्सिजन नाकाच्या छताकडे फेकते. दोन दिवस नळी असेल तर कानामागची त्वचाही बघायची, तिथे घासून जखम होते.

त्यानंतरचा साधा मास्क. इथे एक आकडा कधीही विसरू नये: ५ लिटर. मास्कच्या पोकळीत रुग्णाचा उच्छ्वास साठतो आणि तो धुऊन बाहेर काढायला मिनिटाला किमान ५ लिटर प्रवाह लागतो. ‘ऑक्सिजन कमी करा’ असं सांगितलं म्हणून मास्क तसाच ठेवून फ्लोमीटर २ वर आणलेला मी अनेकदा पाहिला आहे. अशा वेळी रुग्ण स्वतःचाच कार्बन डायऑक्साइड पुन्हा ओढत असतो. २ लिटरच द्यायचे तर मास्क काढून नळी लावायची. साध्या मास्कमधून ५ ते १० लिटरवर ४० ते ६० टक्क्यांपर्यंत ऑक्सिजन जातो, पण नेमका किती हे पुन्हा रुग्णाच्या श्वासावर ठरतं.

पिशवीवाला मास्क म्हणजे नॉन-रिब्रीदर. त्याची युक्ती त्याच हिशेबाला उत्तर देते. रुग्ण सेकंदात एक लिटर ओढणार असेल, तर तेवढा ऑक्सिजन आधीच साठवून त्याच्या तोंडाशी ठेवायचा. उच्छ्वासाच्या वेळी पिशवी भरते आणि श्वासाच्या वेळी त्यातून ऑक्सिजन मिळतो. पिशवी आणि मास्कच्या मध्ये एकतर्फी झडप असते, म्हणून उच्छ्वास पिशवीत परत जात नाही. बाजूच्या भोकांवरच्या पातळ चकत्या बाहेरची हवा आत येऊ देत नाहीत. अनेक मास्कना एकाच बाजूला चकती असते. तो कारखान्याचा दोष नाही. ऑक्सिजन अचानक बंद पडला तर माणूस गुदमरू नये म्हणून ठेवलेली ती वाट आहे.

हा मास्क लावण्याआधी १५ लिटर चालू करून, आतल्या झडपेवर अंगठा दाबून पिशवी पूर्ण फुगवून घ्यायची आणि मगच तोंडावर लावायचा. नंतर उभं राहून चार श्वास बघायचे. श्वास घेताना पिशवी थोडी आकसली तर मास्क काम करतो आहे. ती पूर्ण चपटी होत असेल तर प्रवाह अपुरा आहे. अजिबात हलत नसेल तर मास्क चेहऱ्यावर नीट बसलेला नाही किंवा झडप चिकटली आहे. २०२१ च्या लाटेत घरोघरी ५ लिटरचे कॉन्सन्ट्रेटर आले आणि काही ठिकाणी त्यांना हे पिशवीवाले मास्क जोडले गेले. ५ लिटरवर ती पिशवी धाप लागलेल्या माणसाला पुरत नाही. पिशवीवाला मास्क दिसला म्हणून घरच्यांना धीर यायचा आणि रुग्ण मात्र चपट्या पिशवीतून हवा ओढत राहायचा.

न्यूमोनियाचा तरुण रुग्ण सॅच्युरेशन ७८ घेऊन आला तर विचार करत बसायचं नाही. पिशवीवाला मास्क, १५ लिटर, आणि डॉक्टरांना हाक. सॅच्युरेशन ९४ ते ९८ मध्ये स्थिरावलं की हळूहळू उतरायचं. हे मुलींना लवकर जमतं. अवघड जातो तो दुसरा रुग्ण.

साठीच्या एक आजी डोळ्यांसमोर आणा. आयुष्यभर चुलीपुढे बसून धूर घेतलेल्या, विडी कधी न ओढलेल्या, तरीही सीओपीडी झालेल्या. खेड्यापाड्यांतल्या वॉर्डांना अशा बायका अनोळखी नाहीत. रात्री दहाला आल्या तेव्हा सॅच्युरेशन ८२ आणि श्वास मिनिटाला २८. घाबरलेली विद्यार्थिनी पिशवीवाला मास्क १५ लिटरवर लावते. पाच मिनिटांत आकडा ९९ होतो, आजी शांत होतात, नातेवाईक हात जोडतात. अकरा वाजता आजी गाढ झोपलेल्या दिसतात आणि आकडा अजूनही ९९ असतो. पण हाक मारली तर डोळे अर्धवट उघडतात. तळहात गरम लागतात, नाडी भरलेली लागते, हात पुढे धरायला लावले तर पंजे फडफडतात. ही झोप नव्हे, ही कार्बन डायऑक्साइडची गुंगी आहे. पल्स ऑक्सिमीटरला ती दिसत नाही, कारण तो फक्त ऑक्सिजन मोजतो.

असं का होतं? फुप्फुसाच्या ज्या भागात हवा नीट पोचत नाही, तिथल्या रक्तवाहिन्या आकसून रक्त चांगल्या भागाकडे वळवतात. ऑक्सिजनचा भडिमार झाला की त्या सैल होतात, रक्त पुन्हा बिनहवेच्या भागात जातं आणि कार्बन डायऑक्साइड न टाकताच परत येतं. शिवाय ऑक्सिजनने भरलेलं हिमोग्लोबिन स्वतःजवळचा कार्बन डायऑक्साइड सोडून देतं. ‘श्वासाची प्रेरणाच बंद पडते’ हे जुन्या वह्यांमधलं उत्तर चुकीचं नाही, पण ते कारणाचा एक भाग आहे.

२०१० साली ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियामधून या प्रश्नावर एक चाचणी प्रसिद्ध झाली. रुग्णवाहिकेतून नेल्या जाणाऱ्या, सीओपीडी असावा असं वाटणाऱ्या ४०५ रुग्णांपैकी काहींना नेहमीसारखा भरपूर ऑक्सिजन दिला. इतरांना सॅच्युरेशन ८८ ते ९२ मध्ये राहील एवढाच मोजून दिला. भरपूर ऑक्सिजनच्या गटात सुमारे ९ टक्के दगावले, मोजून दिलेल्या गटात सुमारे ४ टक्के. औषधं बाकी तीच होती.

आजींसाठी साधन आहे व्हेंचुरी मास्क. मोरान कँपबेल या ब्रिटिश डॉक्टरांनी १९६० मध्ये नेमका याच रुग्णांसाठी तो मांडला. ऑक्सिजन एका बारीक भोकातून जोरात सोडला की बाजूच्या खिडक्यांतून तो ठरावीक प्रमाणात हवा ओढून घेतो. २८ टक्क्यांच्या व्हॉल्व्हमध्ये ४ लिटर ऑक्सिजनबरोबर सुमारे ४० लिटर हवा येते, म्हणजे मिनिटाला ४४ लिटर तयार मिश्रण. आजी जोरात श्वास घेत असल्या तरी त्यांची बहुतेक गरज या मिश्रणातूनच भागते आणि टक्केवारी फारशी हलत नाही. व्हॉल्व्हवर टक्के आणि लागणारे लिटर छापलेले असतात. रंगावर विसंबू नये, तो कंपनीगणिक बदलू शकतो. श्वास ३० च्या वर गेला तर प्रवाह छापलेल्यापेक्षा दीडपट केला तरी चालतो, टक्के तेवढेच राहतात आणि मिश्रण वाढतं. खिडक्यांवर चादर आली की मात्र हवा अडते आणि टक्के वाढतात. थंडीच्या रात्री हे सहज घडतं.

मग अकरा वाजता करायचं काय? ऑक्सिजन एकदम बंद करायचा नाही. तसं केलं तर सॅच्युरेशन आधीच्या ८२ च्याही खाली घसरू शकतं. पिशवीवाला मास्क काढून २८ टक्क्यांचा व्हेंचुरी लावायचा. तो नसेल तर नळीवर १ ते २ लिटर. डॉक्टरांना लगेच बोलवायचं, एबीजीची तयारी करायची, कारण आजींना बायपॅप लागू शकतो. पाच मिनिटं आकडा बघायचा. ८८ ते ९२ मध्ये असेल तर हात लावायचा नाही. ८५ असेल तर एक पायरी वर, ९५ असेल तर एक पायरी खाली. आणखी एक चोरवाट ध्यानात ठेवावी. नेब्युलायझर भिंतीवरच्या ऑक्सिजनवर ६ ते ८ लिटरने चालवला की आजींना पुन्हा तोच भडिमार होतो. या रुग्णांना तो हवेच्या कॉम्प्रेसरवर द्यावा आणि तेवढा वेळ नळीतून १ ते २ लिटर चालू ठेवावा.

केसपेपरवर ‘ऑक्सिजन चालू’ एवढंच लिहिलेलं असतं तेव्हा मला राग येतो. कोणतं साधन, किती लिटर, सॅच्युरेशन किती, श्वास किती आणि रुग्ण हाकेला उत्तर देतो का, हे पाचही लिहा. पुढच्या पाळीच्या सिस्टरला फरक त्यातूनच कळतो.

आणि घरात सीओपीडीचं माणूस असेल तर वाचकांना एक विनंती. दवाखान्यात पोचल्यावर पहिल्याच वाक्यात ते सिस्टरला सांगा. आकडा ९० दिसला म्हणून फ्लोमीटरची खुंटी स्वतः फिरवू नका. तुमच्या माणसासाठी ९० पुरेसा आहे.