प्रबंधाचा आराखडा : बाप शेतमजूर, मुलगा?

प्रश्न : अनुसूचित जातींतील शेतमजुरांचे मुलगे इतर जातींतील शेतमजुरांच्या मुलांइतकेच मजुरीबाहेर पडतात का?

आधारसामग्री : भारत मानव विकास सर्वेक्षण, २००४-०५ आणि २०११-१२, प्रत्येक फेरीत देशभरातील सुमारे ४२ हजार कुटुंबे. कुटुंबप्रमुखाच्या वडिलांचा व्यवसाय यात विचारलेला आहे, म्हणून वडील हयात नसले तरी जोडी लागते. केवळ एका घरातले बापलेक मोजले, तर वेगळी चूल मांडलेले मुलगे निसटतात.

मोजणी : शेतमजुराचा मुलगा गवंड्याच्या हाताखाली लागला, तर व्यवसाय बदलला, मजुरी सुटली नाही. हा बदल आणि पगारी नोकरी यांचे रकाने वेगळे हवेत.

मर्यादा : कुटुंबप्रमुख बहुतांश पुरुष असल्याने मुलींचे चित्र अपुरे राहते.