मेसेज एकच, पण प्रत्येक गिऱ्हाइकाला आपला वाटेल असा



केसरची तोडणी जवळ आली की आपण गेल्या वर्षीच्या गिऱ्हाइकांना मेसेज टाकतो. ब्रॉडकास्ट लिस्टने टाकला तर सगळ्यांना एकच मजकूर जातो, आणि तोही ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच. लोक तो जाहिरात समजून सोडून देतात. ५०-६० गिऱ्हाइकं असतील तर पुढची पद्धत वापरून बघा.

मेसेजचे दोन भाग करा. खालचा भाग सगळ्यांना तोच: भाव, वजन, गाडीचा दिवस. त्यात एक अक्षरही बदलू नका, नाहीतर दोन गिऱ्हाइकांना दोन भाव जातील. वरची दोन वाक्यं मात्र प्रत्येकासाठी वेगळी लिहायची. त्यासाठी वहीत तीन रकाने पुरतात: हाक कशी मारता, गेल्या वर्षी किती पेट्या घेतल्या, काय म्हणाले.

समजा वहीत आहे: जोशी काकू, २ पेट्या, खालचे आंबे कच्चे निघाले. मग मेसेज असा:

"जोशी काकू, नमस्कार. गेल्या वर्षी तुमच्या २ पेट्यांत खालचे आंबे कच्चे निघाले होते. यंदा एका पेटीत एकाच दिवशी तोडलेली फळं भरतोय.
५ किलोची पेटी ७०० रुपये, घरपोच. रविवारी पुण्याला गाडी येईल. किती पेट्या ठेवू?"

शिंदे सरांना गेल्या वर्षी माल मिळाला नव्हता. त्यांची वरची वाक्यं: "शिंदे सर, नमस्कार. गेल्या वर्षी तुम्ही विचारलंत तेव्हा आंबा संपला होता, म्हणून यंदा आधीच कळवतोय." खालचा भाग तोच.

नाव फक्त सुरुवातीला घ्या. मध्ये घातलं की 'काकूंना', 'सरांना' असं बदलावं लागतं. घाईत एखादं तसंच राहतं आणि साचा उघडा पडतो.

खालचा भाग कॉपी-पेस्ट करा. फॉरवर्ड करू नका, कारण त्यात मजकूर बदलता येत नाही. दिवसाला १०-१२ मेसेज पुरे, म्हणजे आलेल्या उत्तरांना वेळेत बोलता येतं.

एक जपा. मागच्या हंगामात आपल्या एका सभासदाने "काकांना आंबे आवडले होते ना?" असं लिहिलं. काका मधल्या काळात वारले होते. घरातलं आपल्याला माहीत नसतं, म्हणून वहीत आहे तेवढंच, आंब्यापुरतंच लिहा. काहीच नोंद नसेल तर खोटी आठवण रचू नका, "गेल्या वर्षी आमच्याकडून आंबा घेतला होतात" एवढं बास.

पाठवण्याआधी नावावर अंगठा ठेवून मेसेज वाचा. तो दुसऱ्या कुणालाही चालेल असा वाटला, तर वरची वाक्यं पुन्हा लिहा.